‘चांगल्या भाषेंत भाषांतर’ : एका पुस्तिकेचें परीक्षण

एका इनामदार घराण्याच्या जुन्या कागदांची लहानशी पुस्तिका आमच्याकडे अभिप्रायासाठीं आली आहे. ती खासगी वांटपापुरतीच छापलेली असून तींत नऊ कागदांचें भाषांतर दिलें आहे. घराण्याचें व भाषांतरकर्त्याचें नांव आम्ही मुद्दाम गाळतों. भाषांतरकर्ते मेहनती आहेत, आणि पुस्तिकेंत जो मोठा दोष शिरला आहे तो त्यांच्या अज्ञानाचा नाहीं. तो काम सांगणाराच्या पत्रांत आहे, आणि तें पत्र न उलगडतां काम हातीं घेण्यांत आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दप्तरांत असे कागद असतात व अशीं पत्रें ते लिहितात, म्हणून ही चर्चा जरा विस्तारानें करणें आम्हांस योग्य वाटतें.

भाषांतरकर्त्यांनीं मूळ मागणीपत्र प्रस्तावनेंत छापलें आहे, ह्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यांत कामाचीं वाक्यें दोनच आहेत: ‘सोबतच्या नऊ कागदांचें चांगल्या भाषेंत भाषांतर करून पाठवावें. मधलें इंग्रजी काढावें.’ वाचतांना ह्यांत कांहींच अडत नाहीं. परंतु ‘भाषांतर’, ‘चांगल्या भाषेंत’ आणि ‘काढावें’ ह्या तीन शब्दांपैकीं प्रत्येकाचे दोन किंवा अधिक अर्थ होतात. भाषांतरकर्त्यांनीं प्रत्येक ठिकाणीं एकेक अर्थ गृहीत धरला, आणि तिन्ही ठिकाणीं तो मागणाराच्या मनांतला नव्हता.

कागद कसे आहेत हें आधीं सांगावयास पाहिजे. नऊंपैकीं एकाचेंच छायाचित्र आम्हांस मिळालें. तो मोडींत लिहिलेला, १८८१ सालचा, मामलतदार कचेरींतून इनामदारास गेलेला कागद आहे. मालकांची परवानगी नसल्यानें तो जसाच्या तसा छापतां येत नाहीं. तेव्हां त्याच वळणाचा, नांवें गाळून आम्हीं जुळविलेला नमुना बाळबोधींत खालीं देतों.

‘राजश्री … इनामदार मौजे … यांसी. कळविण्यांत येतें कीं, मौजे मजकूर येथील इनामाविशीं तुम्ही कलेकटर साहेब यांजकडे अपील केलें त्याचा जबाब आला. त्यांत एलीनेशन रजीष्टरीं तुमचें नांव दाखल दिसत नाहीं. सबब सनद व असल कागद घेऊन नोटीस पावल्यापासून पंधरा दिवसांचे आंत हजर व्हावें. न आल्यास जमीन खालसा करण्याविशीं रीपोट होईल. कळावें. तारीख १२ अगष्ट सन १८८१.’

ह्याशिवाय कागदाच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत दोन ओळी आहेत. पहिलींत ‘ट्रू ट्रान्स्लेशन’, म्हणजे खरें भाषांतर, एवढेच शब्द व खालीं आद्याक्षरें. दुसरींत एक जावक क्रमांक आणि तारीख.

पुस्तिकेंत ह्याच मजकुराचें रूप पुढील धर्तीचें आहे: ‘आपण जिल्हाधिकाऱ्यांस केलेल्या विनंतीचें उत्तर प्राप्त झालें असून परकीय नोंदवहींत आपलें नांव प्रविष्ट नाहीं; तरी सनद व खरीं पत्रें घेऊन सूचनापत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उपस्थित राहावें, अन्यथा भूमि शासनाधीन करण्याविषयीं प्रतिवृत्त जाईल.’ पाठीवरच्या दोन ओळींचा उल्लेख कोठेंच नाहीं.

आतां पहिला शब्द घेऊं. ‘भाषांतर’ कोणत्या भाषेंतून कोणत्या भाषेंत? मागणीपत्रांत दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. असा कागद हातीं आला असतां त्या एका शब्दाखालीं निदान चार निरनिराळीं कामें संभवतात. मोडीचें बाळबोध करावयाचें, म्हणजे केवळ लिप्यंतर. जुन्या मराठीचें आजच्या मराठींत विवरण करावयाचें. मराठी मजकूर इंग्रजींत न्यावयाचा. किंवा पाठीवरचा इंग्रजी शेरा मराठींत आणावयाचा. ज्यांस मोडी वाचतां येत नाहीं ते लिप्यंतरासही सर्रास ‘भाषांतर’ म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीनें न कळणारें कळूं लागलें कीं भाषांतर झालें. भाषांतरकर्त्यांनीं दुसरें काम केलें. आम्हीं घराण्यांतील वडील गृहस्थांस पत्र लिहून विचारलें तेव्हां त्यांचें उत्तर आलें: ‘आम्हांस मराठी येतेंच, मोडी येत नाहीं. मुलगा परदेशांत असतो, नातवंडांस मराठी वाचतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं इंग्रजी पाहिजे होतें.’ म्हणजे त्यांस पहिलें व तिसरें अशीं दोन कामें हवीं होतीं. झालें तें तिसऱ्याच कोणाच्या उपयोगाचें.

पण दिशेचा प्रश्न एवढ्यानें संपत नाहीं. कोठें न्यावयाचें ह्याइतकेंच, मूळ कोठून निघालें हेंही ठरवावें लागतें. पाठीवरील ‘ट्रू ट्रान्स्लेशन’ हे दोन शब्द सांगतात कीं आपल्यापुढें असलेली मराठी हीच मुळीं भाषांतर आहे; हुकूम इंग्रजींत निघाला आणि कचेरींतील कारकुनानें त्याचें मराठी केलें. वाक्यांची ठेवणही तेंच सुचविते. ‘कळविण्यांत येतें कीं’ ही कर्ता झांकणारी रचना पेशवाईच्या पत्रांच्या वळणाची नव्हे. तेथें ‘तुम्हीं अमुक करणें’ असा सरळ विध्यर्थ असतो. अशा कागदाचें पुनः इंग्रजी करावयाचें तर तें भाषांतराचें भाषांतर होईल आणि त्याच्या डोक्यावर तसें स्पष्ट लिहावें लागेल. नाहींतर नातवंडें त्यालाच कलेक्टराचे मूळ शब्द समजतील. मूळ इंग्रजी हुकूम कलेक्टर कचेरीच्या दप्तरांत शोधण्याची वाटही त्या दोन ओळींतच होती. जावक क्रमांक व तारीख ह्यांवांचून असा शोध करतां येत नाहीं. ओळी गळल्या, वाट बुजली.

दुसरा शब्द ‘चांगल्या भाषेंत’. भाषांतरकर्त्यांनीं चांगली म्हणजे संस्कृतप्रचुर असा अर्थ घेतला. ह्या अर्थास आमच्याकडे मोठा आधार आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. शिवछत्रपतींच्या कारकीर्दींत रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या देखरेखीखालीं झालेल्या राज्यव्यवहारकोशानें राजकारभारांतील फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि आमचा सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें त्या ग्रंथाविषयीं आमचा पक्षपात असणारच. परंतु तो कोश पुढें लिहावयाच्या कागदांसाठीं होता. पूर्वीं लिहिलेले कागद बदलण्यासाठीं नव्हता. जुन्या कागदांतील शब्द हा स्वतःच पुरावा असतो, आणि तो बदलला कीं पुरावा बदलतो.

नमुन्यांतील ‘असल’ हा शब्द पाहावा. पुस्तिकेंत त्याचें ‘खरीं’ झालें आहे. ‘असल’ हा येथें ‘नकल’ ह्याचा प्रतियोगी आहे. कचेरीस पाहिजे होता तो मूळ कागद, त्याची प्रत नव्हे. ‘खरीं पत्रें’ असें म्हटलें कीं विरोधी शब्द ‘खोटीं’ असा होतो, आणि कचेरीस बनावट कागदांचा संशय होता असें वाचकास वाटूं लागतें. कागदांत त्या संशयाचा मागमूस नाहीं. घराण्याच्या अब्रूचा हा प्रश्न आहे, आणि तो एका विशेषणानें उभा केला.

ह्याहून मोठें नुकसान ‘आवेदन’ ह्या शब्दानें झालें आहे. नऊ कागदांच्या भाषांतरांत तो अकरा ठिकाणीं येतो. मुळांत प्रत्येक ठिकाणीं कोणता शब्द असेल? अर्ज असेल, तर ती साधी विनंती. कैफियत असेल, तर इनामाच्या चौकशींत धारकानें दिलेली हकीकत, किंवा दिवाणी दाव्यांत प्रतिवादीचें लेखी उत्तर. दरखास्त असेल, तर मुंबई इलाख्याच्या न्यायालयांतील वहिवाटीप्रमाणें हुकूमनाम्याच्या बजावणीची मागणी. म्हणजे दावा संपून निकाल झालेला आहे. तीन शब्द, तीन टप्पे. एकाच ‘आवेदना’खालीं ते झांकले गेल्यामुळें तंटा कोणत्या क्रमानें चालला हें पुस्तिकेवरून ठरवितां येत नाहीं.

तेव्हां मागणारास विचारावयाचें तें ‘भाषा कशी पाहिजे’ असें नव्हे; त्यावर ‘चांगली’ हेंच उत्तर येणार. विचारावयाचें तें ‘हें कोण वाचणार व कशासाठीं’ असें. घरांत वाचावयाचें असेल तर सोपी मराठी व अवघड शब्दांचा खुलासा पुरे. कोर्टांत किंवा महसूल कचेरींत दाखल करावयाचें असेल तर शब्दास शब्द पाहिजे, फाटलेली जागा ‘फाटलें’ म्हणून दाखविली पाहिजे आणि वाक्य गोड करण्याचा मोह आवरला पाहिजे. त्रैमासिकांत छापावयाचें असेल तर लिप्यंतर मुख्य, भाषांतर दुय्यम. वाचणारा कळला कीं भाषेची पातळी आपोआप ठरते.

तिसरा शब्द ‘काढावें’. मराठींत डाग काढतात आणि नक्कलही काढतात. पहिल्यांत वस्तु नाहींशी होते, दुसऱ्यांत आणखी एक तयार होते. घराण्याच्या गृहस्थांचा अर्थ असा होता कीं, इंग्रजी मजकूर वेगळा उतरून द्यावा, म्हणजे मुलास तो थेट वाचतां येईल. भाषांतरकर्त्यांनीं तो पुसून टाकला. पाठीवरचे शेरे तर गेलेच. मराठीच्या पोटांत असलेले इंग्रजी शब्दही गेले. हीं दोन्ही ‘मधलीं इंग्रजी’ एका जातीचीं नाहींत, आणि हा भेद कोणीच मनांत आणला नाहीं. एक इंग्रजी अक्षरांतलें, दुसऱ्या हातचें, बहुधा नंतर लिहिलेलें. दुसरें मोडी अक्षरांतलें, त्याच कारकुनाच्या लेखणींतलें, मराठी प्रत्यय घेऊन चालणारें. पहिलें हा स्वतंत्र लेख आहे. दुसरें ही त्या काळची मराठीच आहे.

दुसऱ्या जातीचे शब्द ओळखणें सोपें नसतें. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत व ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. शिवाय कारकून ऐकल्याप्रमाणें लिहितो. स्टँपाचा ‘इष्टांप’ होतो, जनरलचा ‘जनराल’ होतो, एल्फिन्स्टनचा ‘अल्पिष्टन’ होतो. ‘कुंपणी सरकार’ ह्यांतली कुंपणी शेताच्या कुंपणाची नसून ईस्ट इंडिया कंपनीची आहे, हें ठाऊक नसलेला नवशिका फसतो. अडलेला शब्द मोठ्यानें उच्चारून पाहावा, हा आमचा जुना उपाय आहे. डोळ्यास न कळलेला इंग्रजी शब्द पुष्कळदां कानास कळतो.

‘एलीनेशन’ हा असाच शब्द. भाषांतरकर्त्यांनीं तो ओळखला. पण इंग्रजी कोशांतला ‘परका होणें’ हा अर्थ घेऊन ‘परकीय नोंदवही’ असें केलें. मुंबई इलाख्याच्या महसुली भाषेंत हा पारिभाषिक शब्द आहे. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत त्याची व्याख्याच दिली आहे: सरकारचा जमीनमहसूल घेण्याचा हक्क पूर्ण किंवा अंशतः दुसऱ्या कोणाकडे गेलेली जमीन, ती ‘एलिएनेटेड’. आमच्याकडचा तिचा रूढ शब्द ‘दुमाला’. पेशवे दप्तर ज्या कचेरींत पुष्कळ वर्षें होतें तिलाही एलिएनेशन ऑफिस म्हणत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणजे कागद सांगतो तें एवढेंच कीं, दुमाला जमिनींच्या नोंदवहींत ह्या इनामदाराचें नांव सांपडलें नाहीं. पुस्तिकेचा वाचक मात्र समजेल कीं कोणा परक्या लोकांची वही होती व इनामदार परका ठरला नाहीं. अर्थ जवळजवळ उलटला.

इंग्रजींत भाषांतर करतांना ह्या शब्दांचा धोका आणखी वाढतो, कारण ते परत घरीं जात आहेत असें वाटतें. पण मराठींत राहून त्यांचा अर्थ पुष्कळदां बदललेला असतो. सर्वेंच्या कागदांत ‘दोन नंबर विकले’ ह्याचा अर्थ दोन शेतें विकलीं. कोर्टाच्या बोलण्यांत नंबर म्हणजे दावा. ‘मास्तर’ म्हणजे शिक्षक, धनी नव्हे. म्हणून इंग्रजी दिसणाऱ्या शब्दासही इंग्रजींत नेतांना भाषांतर लागतें. आमची रीत अशी आहे: लिप्यंतरांत शब्द कारकुनानें लिहिला तसाच ठेवावा, ‘रीपोट’ तर ‘रीपोट’, मराठी विवरणांत तो न बदलतां पहिल्या वेळीं खुलासा द्यावा, इंग्रजी भाषांतरांत अर्थाप्रमाणें शब्द योजून मूळ रूप टिपेंत दाखवावें. इंग्रजी अक्षरांतील शेरा मात्र वेगळा, जाड ठशांत, तो कागदाच्या डोक्यावर, समासांत कीं पाठीवर आहे हें सांगून छापावा. अर्थासाठीं शक्य तों कागदाच्या काळाजवळचा कोश पाहावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालची आहे, म्हणजे प्रस्तुत कागदाच्या चोवीस वर्षें आधींची. शब्द अरबी, फारशी कीं संस्कृत ह्याची खूणही तींत दिलेली असते.

हें सर्व सांगण्यास एक कारण आहे, आणि तें दुःखाचें आहे. पुस्तिका छापून झाल्यावर ‘आतां छापलेंच आहे’ म्हणून मूळ कागद माळ्यावर गेले. गेल्या पावसाळ्यांत तेथें वाळवी लागली व नऊंपैकीं सहा कागद वाचण्यापलीकडे गेले; छायाचित्र घेतलेला कागदही त्यांतच होता. बाकीच्या पांचांचें आज जें कांहीं उरलें आहे तें ह्या पुस्तिकेंतच. आम्हीं त्या पांचांच्या भाषांतरावरून मूळ शब्द परत मिळविण्याचा प्रयत्न करून पाहिला. ‘सूचनापत्र’ म्हणजे नोटीस कीं समन्स कीं ताकीद? ‘प्रतिवृत्त’ म्हणजे रिपोट कीं याद? पाठीवर शेरा होता कीं नव्हता? एकाचेंही खात्रीचें उत्तर मिळालें नाहीं. भाषांतर शुद्ध आहे, वाक्यें रेखीव आहेत, आणि त्यांतून पाठीमागें जाण्यास दार नाहीं.

भाषांतरकर्त्यांचा एक आक्षेप आम्ही आधींच ऐकूं इच्छितों. ते म्हणतील कीं, मागणारा सांगेल तसें करणें हें आमचें काम. उलट प्रश्न विचारले तर तो कंटाळतो. ह्यांत तथ्य आहे. वीस प्रश्नांची यादी पाठविली तर उत्तर येतच नाहीं, हा अनुभव आम्हांसही आहे. म्हणून आम्ही पुढील मसुद्याहून लांब पत्र लिहीत नाहीं:

‘रा. रा. … यांस सा. न. वि. वि. आपले कागद पावले. मजकूर मोडी मराठी असून पाठीवर दोन ओळी इंग्रजी आहेत. आपणांस मोडीचें बाळबोध पाहिजे कीं इंग्रजी भाषांतर पाहिजे, कीं दोन्ही? हें कोण वाचणार व कोठें दाखल करावयाचें आहे काय? मराठींत आलेले कलेक्टर, अपील इत्यादि शब्द आम्ही तसेच ठेवूं व इंग्रजी ओळी वेगळ्या उतरून देऊं. ह्यास हरकत असल्यास कळवावें. उत्तर येईपर्यंत बाळबोध प्रत करावयास घेतों.’

ह्यांत प्रश्न दोनच आहेत. तिसरी गोष्ट प्रश्न म्हणून न विचारतां आपली रीत सांगून हरकत मागितली आहे, कारण मिश्र मजकुराविषयीं काय करावें हें मागणारास बहुधा ठाऊक नसतें. प्रश्नांतही पर्याय लिहून दिले आहेत. ‘काय पाहिजे’ असें मोघम विचारलें तर मोघमच उत्तर येतें. शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें. उत्तर आलें नाहीं, किंवा आलें पण तेंही संदिग्ध असलें, तरी बाळबोध प्रत केव्हांही वायां जात नाहीं. पुढें कोणत्याही दिशेस व कोणत्याही भाषेंत जावयाचें असो, तिच्यावरूनच जावें लागतें. आणि मूळ गेलें तर तीच मुळाच्या सर्वांत जवळ असते. तिलाही मर्यादा आहे. चुकीचा वाचलेला शब्द ती चुकीचाच ठेवील. म्हणून संशयित अक्षरापुढें प्रश्नचिन्ह घालावें व छायाचित्राच्या दोन्ही बाजू प्रतीबरोबर ठेवाव्या. आमच्याकडे येणाऱ्या छायाचित्रांत पाठीची बाजू बहुतेक वेळां नसते, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

भाषांतरकर्त्यांस आमची एक विनंती आहे. काम करतांना त्यांनीं वाचून घेतलेल्या मोडीचीं कच्चीं टिपणें त्यांच्याजवळ असतील. तीं खोडाखोडीचीं असोत, अपुरीं असोत. त्यांत ‘अर्ज’ कीं ‘दरखास्त’ एवढें जरी कळलें तरी पुष्कळ. ह्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ति निघाली नाहीं तरी चालेल. तीं टिपणें मात्र घराण्याकडे पोंचवावीं, म्हणजे नष्ट झालेल्या कागदांपैकीं कांहींचा तरी पाठ पुनः उभा करतां येईल. तसें झाल्यास तो पाठ तपासून देण्यास आम्ही आनंदानें तयार आहों.